‘आजारी आहे’ आणि ‘मरणार आहे’: मुलांना सांगताना या दोन गोष्टी एक करू नका

आमच्याकडे आजी गेली (माझी आई, स्वादुपिंडाचा कॅन्सर, लिव्हरपर्यंत पसरलेला), तेव्हा पोरगी आठ वर्षांची आणि पोरगा चारचा. त्यानंतर ओळखीतल्या चार-पाच घरांत तोच घोळ बघितला, म्हणून लिहून टाकते.

आजारी असणं काय ते मुलांना माहीत असतं. ताप येतो, गोड औषध प्यायचं, दोन दिवस शाळा बुडते, मग बरं वाटतं. त्यांच्या डोक्यात आजारी म्हणजे बरं होणार, एवढंच. आणि आपण काय सांगतो? ‘आजी खूप आजारी आहे.’ आपल्याला त्या ‘खूप’मध्ये सगळं ऐकू येतं, पण चार वर्षांच्या पोराला फक्त ‘आजारी’ ऐकू येतं.

मीही आधी तेच सांगितलं होतं. आठवड्याभरात पोराला साधी सर्दी झाली, तर औषध घेईना, रात्री रडत विचारतो, मी पण आजीसारखा हॉस्पिटलमध्ये जाणार का? म्हणजे मला जे सांगायचं होतं ते पोचलंच नाही, वर साध्या सर्दीची भीती बसली.

मग आत्याबाई म्हणाल्या, असं अभद्र तोंडातून काढू नये, ‘देवाघरी जाणार’ म्हण. मला हे अजिबात पटत नाही. ‘आजी जाणार आहे’ म्हटलं की पोरगा विचारणार, कुठे, गावाला? देवाघरी गेली तर परत कधी येणार? साधारण पाच-सहा वर्षांपर्यंत मेलेलं माणूस परत येत नाही हेच मुलांना नीट कळलेलं नसतं, त्यात आपण प्रवासाचे शब्द वापरतो. ‘झोपली’ तर त्याहून वाईट, पोरं झोपायलाच घाबरतात. देव-बिव नंतर सांगा हवं तर, पण आधी ‘मरणार’ हा शब्द येऊ दे.

मी दुसऱ्यांदा जे सांगितलं ते साधारण असं: ‘आजीच्या पोटात कॅन्सर नावाचा आजार आहे. डॉक्टरांनी औषधं दिली पण आता ती चालत नाहीयेत. आजी मरणार आहे. म्हणजे तिचं शरीर काम करायचं थांबणार, श्वास थांबणार, आणि मग ती परत येणार नाही. कधी ते नक्की सांगता येत नाही, पण फार दिवस नाहीत.’ आणि लगेच पुढे, न विचारता: ‘हा सर्दीसारखा आजार नाही, आजीला हात लावून तुला होणार नाही, आणि तू काही केलंस म्हणून झालेला नाही.’ हे शेवटचं गाळू नका. पोरगी नंतर हळूच म्हणाली, मी आजीवर एकदा ओरडले होते.

चारचा पोरगा ऐकून म्हणाला, बरं, आणि गाडी खेळायला गेला. त्याला कळलं नाही असं समजू नका. रात्री जेवताना त्यानं परत विचारलं, दुसऱ्या दिवशी परत. दर वेळी तेच वाक्य, तेच शब्द.

हॉस्पिटलचं आता. आयसीयू की वॉर्ड यात फार अडकू नका. बऱ्याच ठिकाणी बारा वर्षांखालच्या मुलांना सोडत नाहीत, सिस्टर इनचार्जना आधीच विचारायचं, आणि मुलाला सर्दी-खोकला असेल तर नाहीच न्यायचं. महत्त्वाचं हे की आजी बोलतेय तोवर न्या. आपल्याकडे शेवटच्या दिवशी सगळ्यांना फोन जातात आणि झोपलेल्या पोरांना उचलून ‘दर्शनाला’ आणतात, मला याचा भयंकर राग येतो. बेशुद्ध माणसाला पोरानं काय भेटायचं?

आम्ही निघायच्या आधी त्याच सकाळचा फोटो दाखवला, डोळे पिवळे आहेत, नाकात नळी आहे, बेडला लघवीची पिशवी लटकलीय, मशीन टुकटुक करतं, आजी बोलता बोलता झोपेल, तुला दुसऱ्याच नावानं हाक मारेल. दहा मिनिटं ठरवली. मावशी फक्त एका कामासाठी बरोबर, पोरं म्हणाली चला की तिनं त्यांना बाहेर न्यायचं, मी आईपाशीच. पोरीनं आजीच्या हाताला क्रीम लावलं. पोरगा दुसऱ्या वेळी दारातूनच नको म्हणाला, मी आग्रह केला नाही, त्यानं गाडीचं चित्र पाठवलं.

आणि एक राहिलंच, डिस्चार्ज. आता इथे करण्यासारखं काही उरलं नाही म्हणून आईला घरी आणलं, तर पोरगा टाळ्या वाजवत सगळ्यांना सांगत सुटला, आजी बरी झाली! त्याच्या मते घरी सोडलं म्हणजे बरं झालं. जिन्यातच त्याला जवळ घेऊन परत पहिल्यापासून सगळं सांगितलं.