शेवटच्या फेरीतील जोड (क्रोशेकाम)

क्रोशेच्या सुट्या मोटिफांपासून जाळीदार वस्त्र करताना नवा मोटिफ त्याची शेवटची फेरी विणतानाच आधीच्या मोटिफांना अडकवत जाण्याची पद्धत. ही वापरल्यास तुकडे नंतर सुईदोऱ्याने शिवावे लागत नाहीत, कडांवर दुहेरी शिवण येत नाही आणि जोड जाळीचाच भाग होऊन बसतो. रुमाल, तोरण, थाळपोस अशा सपाट वस्तूंतही ही जोड वापरतात. पण तिथे मापाची चूक खपून जाते, अंगावरच्या वस्त्रात खपत नाही. म्हणून ही नोंद मुख्यतः वस्त्रापुरती आहे.

उगम. क्रोशेच्या उगमाबद्दल अभ्यासकांत एकमत नाही. अरबस्तान, दक्षिण अमेरिका आणि चीन अशी तीन उगमस्थाने वेळोवेळी सुचवली गेली आहेत. डॅनिश अभ्यासक लिस पालुदान यांनी ही मते तपासली आणि 1800 पूर्वी यूरोपात आजच्या अर्थाने क्रोशे होते याला पटण्याजोगा पुरावा नाही, असा निष्कर्ष काढला. आकडीने कापडावर साखळीटाका घालण्याचे काम, म्हणजे आपल्याकडचे आरीकाम, अठराव्या शतकात यूरोपात पोचले. पुढे त्यातले कापड गळून पडले आणि साखळी हवेतच विणली जाऊ लागली, असे एक मत आहे. प्रस्तुत नोंदकर्त्याला ते इतर मतांपेक्षा जवळचे वाटते, कारण दोन्हींत हाताची मूळ हालचाल एकच आहे. छापील नमुने 1820 नंतरच्या दशकात डच नियतकालिकात दिसू लागतात.

मोटिफ जोडण्याची कथा मात्र वेगळी आहे आणि अनेकदा ती आयरिश क्रोशेशी जोडून सांगितली जाते. ते तितकेसे बरोबर नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास, दुष्काळानंतरच्या आयर्लंडमध्ये वाढलेल्या त्या कामात फुले-पाने सुटी विणून, कापडावर उलटी टाचून, मधली जागा जाळीने भरत. तिथे मोटिफ मोटिफाला चिकटत नाही, दोघे जाळीला चिकटतात. शेवटच्या फेरीतील जोडीचे जवळचे नाते टॅटिंगशी, म्हणजे लहान फिरकीने गाठी घालून वलयांची लेस करण्याच्या कामाशी, असावे. टॅटिंगमधली वलये आधी सुटी करून मग बांधत किंवा शिवत. 1850 च्या सुमारास नमुनेकार एलेओनोर रिएगो द ला ब्रांशार्दिएर यांच्या छापील नमुन्यांत कडेच्या लहान फासांतून (पिको) वलये जोडलेली दिसतात, आणि लगेचच, साधारण 1851 मध्ये, काम चालू असतानाच शेजारच्या पिकोतून धागा ओढून घेण्याची रीत छापली गेली. क्रोशेत हीच युक्ती कमानीवर केली जाते. ती टॅटिंगमधून आली की आकडी हाती असल्याने आपोआप सुचली, हे ठरवणे अवघड असले तरी पहिली शक्यता अधिक पटते.

पश्चिम भारतात क्रोशे मिशनरी शाळांतल्या शिवणवर्गांतून पसरले, असे सामान्यतः मानतात.

तंत्र. मराठी घरांत साखळी, खांब, मुका खांब हे शब्द सर्वत्र चालतात. मोटिफाच्या शेवटच्या फेरीत साखळ्यांच्या कमानी असतात. उदाहरणासाठी चौकोनी मोटिफ घेऊ: प्रत्येक बाजूला पाच साखळ्यांच्या पाच कमानी, कोपऱ्यावर सात साखळ्यांची एक, आणि दोन कमानींच्या मध्ये एक मुका खांब. पहिला मोटिफ पूर्ण विणून संपवतात. दुसऱ्याची शेवटून दुसरी फेरी झाली की दोन्ही सुलट बाजूने शेजारीशेजारी ठेवतात. दुसऱ्याच्या कमानीच्या दोन साखळ्या घालून आकडी पहिल्याच्या समोरच्या कमानीतून वरून खाली नेतात, धागा ओढून स्लिप स्टिच करतात, पुन्हा दोन साखळ्या घालतात आणि आपल्याच मोटिफात मुका खांब करून पुढे जातात. म्हणजे पाचांतली मधली साखळी गेली आणि तिच्या जागी जोड आली. कोपऱ्यावर हाच हिशेब तीन, जोड, तीन असा होतो.

दुसऱ्या प्रकारात आकडी चालू फासातून काढून घेतात, शेजारच्या कमानीतून वरून घालतात, तो मोकळा फास पकडून कमानीतून वर ओढतात आणि साखळी पुढे चालू करतात. ही जोड जास्त सपाट बसते आणि उलट बाजूही स्वच्छ राहते. पण इथे एक गोष्ट निसटते. फास नुसता ओढला जातो, त्यात नवा टाका पडत नाही. दोन, ओढ, दोन असे केले तर कमान चारच साखळ्यांची होते आणि जोडलेली बाजू न जोडलेल्या बाजूपेक्षा आखडते. म्हणून इथे तीन, ओढ, दोन असे घ्यावे लागते आणि कोपऱ्यावर चार, ओढ, तीन. मोटिफ सपाट असूनही जोडलेल्या रांगा कडेला आत ओढल्यासारख्या दिसत असतील, तर आधी ही मोजणी तपासावी.

उजव्या हाताने सुलट बाजूकडून विणताना फेरी घड्याळाच्या उलट फिरते. त्यामुळे नवा मोटिफ जुन्याच्या डावीकडे असेल, तर त्याची उजवी बाजू खालून वर विणली जाते, आणि जुन्याची तीच सामाईक बाजू वरून खाली विणलेली असते. जोडताना जुन्याच्या कमानी अशा उलट क्रमाने भेटतात. एखादी कमान सुटली तर पुढच्या साऱ्या जोडी एकेक घर सरकतात आणि शेवटी कोपऱ्यासमोर साधी कमान येते. तिथे कोपरा कोपऱ्याला भेटला नाही, तर पुढे न जाता उसवावे.

चार मोटिफ जिथे भेटतात ती जागा सर्वांत नाजूक. पहिल्या दोघांचा कोपरा जोडला गेल्यावर तिसऱ्याने पहिल्याच्या कमानीत किंवा दुसऱ्याच्या कमानीत जायचे नाही. दोघांना धरणाऱ्या जोडटाक्यातच आकडी घालायची, आणि चौथ्यानेही तिथेच. नाहीतर मध्ये तिरके, सैल भोक राहते आणि वस्त्र अंगावर गेले की ते रुंदावते. धागा नुसता ओढून केलेल्या जोडीत आकडी घालायला असा टाका नसतो. म्हणून बाजूंना ओढजोड केली तरी कोपऱ्यांवर स्लिप स्टिच किंवा मुका खांबच करणे बरे. षट्कोनी मोटिफांत एका बिंदूवर तिघेच भेटतात, गाठ कमी होते, पण खांदा आणि काख बसवणे कठीण जाते.

मापाचे उदाहरण. 92 सें.मी. छातीसाठी 6 सें.मी. सैल, म्हणजे 98 सें.मी. घेराची जाळीदार कुर्ती घेऊ. सुटा मोटिफ पट्टीवर 6.5 सें.मी. भरला, तर घेरात पंधरा मोटिफ लागतील असे वाटते. पण सुट्या मोटिफाच्या कमानी मोकळ्या असतात, आत वळतात. जोडल्यावर दोन्हीकडून ओढ बसून त्या सरळ होतात. म्हणून चार मोटिफ दोन-दोन असे जोडावेत, धुवावेत, ताणून सुकवावेत आणि एकाच्या मध्यापासून शेजारच्याच्या मध्यापर्यंत मोजावे. ते अंतर 7 सें.मी. आले, तर घेराला 14 मोटिफ पुरतात. पंधरा घेतले असते तर घेर 105 सें.मी. झाला असता. चौदा ही सम संख्या पुढे-मागे सात-सात वाटली जाते, हाही फायदा.

काखेपर्यंत सहा ओळी धरल्या तर 84 मोटिफ होतात. गोल विणल्यामुळे बाजूची शिवण नसते. पहिल्या ओळीतला पहिला मोटिफ कशालाच जोडलेला नाही, मधले बारा एका बाजूने जोडतात आणि शेवटचा दोन्हीकडून जोडून घेर बंद करतो. पुढच्या प्रत्येक ओळीत पहिला एका बाजूने, बारा दोन बाजूंनी, शेवटचा तीन बाजूंनी. एकूण 154 बाजू जोडल्या जातात. काखेच्या वर पुढे-मागे पाच-पाच मोटिफांच्या सपाट तीन ओळी येतात, म्हणजे प्रत्येक काखेत पुढचा एक आणि मागचा एक मोटिफ सुटतो आणि बाहीची उंची 21 सें.मी. मिळते. खांद्याचा शेवटचा मोटिफ खाली पुढच्या भागातल्या ओळीला आणि वर मागच्या भागाला, असा दोन्हीकडे अडकवला की खांदाही शिवावा लागत नाही. नमुना लटकवूनही पाहावा. लांब वस्त्र स्वतःच्या वजनाने उभे ताणते आणि घेर कमी होतो.

मुंबईतील रीत. शहरातल्या विणणाऱ्या बायका हे काम दोन टप्प्यांत वाटून घेताना दिसतात: शेवटून दुसऱ्या फेरीपर्यंतचे सुटे मोटिफ लोकलमध्ये, आणि जोडणारी शेवटची फेरी घरी टेबलावर, कारण ती करताना सगळे वस्त्र समोर पसरावे लागते. यात एक अडचण आहे. धागा तोडून ठेवला आणि घरी नव्याने लावला, तर प्रत्येक मोटिफाला दोनाऐवजी चार टोके होतात. 84 मोटिफांची 168 ऐवजी 336 टोके दडवत बसावे लागते. त्यावर उपाय असा की एका पूर्ण मोटिफाची शेवटची फेरी उसवून तिचा धागा मोजायचा, त्यात वीतभर मिळवून तेवढा धागा प्रत्येक मोटिफाला सोडूनच तोडायचा आणि चालू फास सेफ्टी पिनेत अडकवायचा. जोडींत आकडी फिरवायला थोडा जास्त धागा जातो. ही वीत त्यासाठीच.

पावसाळ्यात ताणून टाचलेला सुती नमुना इथे दोन-दोन दिवस ओला राहतो आणि साध्या लोखंडी टाचण्यांचे गंजाचे डाग कमानींच्या टोकांवर उतरतात. न गंजणाऱ्या टाचण्या वापराव्यात. ओलसर नमुना मोजू नये, सुकल्यावर त्याचे माप बदलते.

दुरुस्ती. जोडीत नव्या मोटिफाचा धागा जुन्याच्या कमानीतून गेलेला असतो. त्यामुळे शेवटचा मोटिफ उसवला तर शेजाऱ्यांना काही होत नाही. मधला फाटला, तर त्याची शेवटची फेरी कापून काढता येते. शेजाऱ्यांचे जोडटाके सैल साखळीसारखे उरतात, कमानी शाबूत राहतात, आणि नवा मोटिफ चारही बाजूंनी त्यांत अडकवता येतो. अपवाद कोपऱ्याचा. काढलेला मोटिफ त्या कोपऱ्यावरचा दुसरा असेल, म्हणजे जोडटाका त्यानेच घातलेला असेल, तर तिसरा आणि चौथा त्याच टाक्यावर टेकलेले असतात आणि कापताच तेही सुटतात. म्हणून कापण्याआधी चारही कोपऱ्यांतून वेगळ्या रंगाचा दोरा ओवून तात्पुरती गाठ मारतात आणि नवा मोटिफ पूर्ण बसल्यावरच ती सोडतात.