मीटर रूमच्या दारावर ⚡ चिकटवलं तर काय बिघडतं?

आमच्या सोसायटीत मीटर रूमचं दार रंगवलं तेव्हा जुनी धोक्याची पाटी काढली आणि तिच्या जागी कोणीतरी ए-फोर कागदावर मोठ्ठं ⚡ आणि बाजूला 💀 प्रिंट करून चिकटवलं. हेतू चांगलाच होता. पण दुसऱ्या दिवशी खालच्या मजल्यावरचा सातवीतला मुलगा ते बघून म्हणाला, "इथे फास्ट चार्जिंग आहे का?" आणि त्याचं काहीच चुकलं नव्हतं, कारण त्याच्या फोनवर ⚡ चा अर्थ तोच आहे, आणि 💀 म्हणजे तर त्याच्या ग्रुपवर "हसून हसून मेलो".

दोन्ही चित्रंच, मग फरक कुठे? इमोजी हे मुळात चित्र नाहीये, ते अक्षर आहे. म्हणजे "क" जसं युनिकोड नावाच्या अक्षरांच्या जागतिक यादीतल्या एका ठरलेल्या नंबराने साठवलं जातं तसंच ⚡ साठवलं जातं U+26A1 म्हणून, आणि ते दिसायचं कसं हे समोरच्याच्या फोनमधला फॉन्ट ठरवतो. पाठवणाऱ्याच्या हातात फक्त नंबर, चित्र नाही. याचं सगळ्यात ठळक उदाहरण पिस्तुलाचं. 2016 मध्ये ॲपलने खऱ्या पिस्तुलाच्या जागी हिरवी पाण्याची पिचकारी काढली आणि बाकीच्या मोठ्या कंपन्यांनी तसं करेपर्यंत 2018 उजाडलं, म्हणजे मधली दोन वर्षं एकाने गंमत म्हणून पाठवलेली पिचकारी दुसऱ्याला खरं पिस्तूल म्हणून दिसू शकत होती. नंबर तोच!

ॲपमधला आयकॉन असा नसतो. दातेरी चाक म्हणजे सेटिंग, भिंग म्हणजे शोधा, हे चित्र ॲपवाल्याने स्वतः काढून ॲपमध्येच भरलेलं असतं त्यामुळे सगळ्यांना एकच दिसतं. ओळखायची सोपी खूण म्हणजे मेसेजमधलं इमोजी बाकी मजकुरासारखंच सिलेक्ट आणि कॉपी होतं, आयकॉन सहसा होत नाही.

पाटीवरचं चिन्ह त्याच्याही पुढे जातं. ISO 7010 नावाचं आंतरराष्ट्रीय मानक आहे, त्यात विजेच्या धोक्याचं चिन्ह W012 या नावाने आहे: पिवळा त्रिकोण, काळी किनार, आत खाली येणारा काळा विजेचा बाण. इथे बाणापेक्षा त्रिकोण महत्त्वाचा. चित्र नीट दिसायच्या आधी, लांबूनच, आकार आणि रंग सांगून मोकळे होतात की हे काय प्रकारचं सांगणं आहे: पिवळा त्रिकोण म्हणजे सावध, लाल गोलात तिरकी रेघ म्हणजे करू नका, निळा गोल म्हणजे करायलाच हवं, हिरवा चौकोन म्हणजे सुटकेची वाट. धोक्याच्या पाटीवर पिवळा रंग किमान 50 टक्के जागेत हवा हेसुद्धा ठरलेलं आहे. ⚡ मध्ये यातलं काहीच नाही, नुसती वीज, चौकट गायब. आणि मला खरंच अस्वस्थ करणारी गोष्ट ही की युनिकोडमध्ये त्याचं अधिकृत नाव आहे HIGH VOLTAGE SIGN! नाव धोक्याच्या पाटीचं, पण वापर चार्जिंग, वेग, जोश, पाऊस, सगळ्याला.

हा अपघात नाहीये. नवीन इमोजीचा प्रस्ताव येतो तेव्हा त्याला लाक्षणिक, वेगवेगळे अर्थ निघतात का हे बघितलं जातं आणि निघत असतील तर ती जमेची बाजू धरली जाते, कारण गप्पांना लवचीकपणाच हवा. धोक्याच्या चिन्हाचं बरोबर उलटं आहे. ते लोकांना दाखवून विचारायचं की याचा अर्थ काय, आणि उत्तरं फाटे फोडायला लागली तर चित्र बदलायचं. ही चाचणी कशी घ्यायची याचंही वेगळं मानक आहे, ISO 9186.

मग कोणी म्हणेल, ⚠️ तर पिवळा त्रिकोणच आहे, ते लावू. त्यातही गोची आहे. ते चिन्ह दोन रूपांत येतं, रंगीत आणि साधं काळं, आणि रंगीत हवं असेल तर मागे एक न दिसणारा कोड U+FE0F लागतो, तो कॉपी करताना गळला किंवा सॉफ्टवेअरने मानला नाही की उरतो एक बारीक रेषांचा काळा त्रिकोण. आमच्या कागदावरच्या ⚡ चंही काहीसं असंच झालं. ज्याने बनवलं त्याच्या फोनवर पिवळीधमक वीज होती, प्रिंटवाल्याच्या कॉम्प्युटरवर तीच फाइल उघडली तर काळी पोकळ आउटलाइन, आणि त्यात प्रिंटर ब्लॅक अँड व्हाइट. जिन्याच्या अंधारात दहा पावलांवरून तो कागद कोरा वाटायचा.

आता दारावर W012 ची पत्र्याची पाटी आहे, खाली मराठीत "धोका, वीज" असं लिहून घेतलंय. मीटरचं काम असलं की सोसायटीच्या ग्रुपवर "उद्या ११ ते १ लाइट नाही ⚡" असा मेसेज अजूनही येतो, आणि तिथे ते शोभतं, कारण काय म्हणायचंय ते शेजारचे शब्द सांगतात.