सुगम प्रश्नरचना (इतिहास)

वाचनात अडचण असलेल्या विद्यार्थ्याला इतिहासाच्या प्रश्नात काय विचारले आहे ते विनासायास कळावे, पण उत्तरासाठी इतरांइतकाच विचार करावा लागावा, अशा रीतीने प्रश्न लिहिण्याची पद्धत. डिस्लेक्सिया, कर्णबधिरता किंवा घरी वेगळी बोली असणे, यांपैकी कोणत्याही कारणाने छापील मराठी जड जाणाऱ्या मुलांसाठी ती वापरली जाते. भारतात ‘दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६’ या कायद्याने विशिष्ट अध्ययन अक्षमतेला दिव्यांगत्वाच्या २१ प्रकारांत स्थान दिले. त्यानंतर परीक्षेतील सवलतींची चर्चा प्रामुख्याने लेखनिक आणि तासाला किमान २० मिनिटांचा जादा वेळ यांभोवती फिरत राहिली. या सवलती आवश्यकच आहेत. पण प्रश्नाचे वाक्य गुंतागुंतीचे असेल, तर जादा वेळ ते पुन्हा पुन्हा वाचण्यातच जातो.

प्रश्नात दोन प्रकारची भाषा असते. ‘सावकार’, ‘कर्जरोखा’, ‘रयतवारी’ ही विषयाची भाषा. ती विद्यार्थ्याला यायलाच हवी, म्हणून ती तशीच ठेवतात. तिच्याभोवतीची ‘विशद करा’, ‘ऊहापोह करा’, ‘अनुषंगाने’, ‘करण्यात आलेल्या’ ही भाषा केवळ प्रश्न पोचवण्यासाठी असते आणि ती इतिहासाची परीक्षा घेत नाही. सोपे करायचे ते फक्त हेच. ब्रिटनमध्ये कर्णबधिर परीक्षार्थींच्या प्रश्नपत्रिकांत हा भेद बऱ्याच काळापासून पाळला जातो.

मराठीत अडचणीचे सर्वांत मोठे ठिकाण म्हणजे नामाआधी रचलेली विशेषणांची रांग. पुढील प्रश्न शालेय प्रश्नपत्रिकांच्या धाटणीचा आहे : “अमेरिकन यादवी युद्धाच्या समाप्तीनंतर कापसाच्या भावात झालेल्या घसरणीमुळे व महसूलवाढीमुळे कर्जबाजारी झालेल्या शेतकऱ्यांनी १८७५ मध्ये पुणे व अहमदनगर जिल्ह्यांत सावकारांविरुद्ध केलेल्या उठावाच्या स्वरूपाची चिकित्सा करा.” काय करायचे ते अगदी शेवटच्या दोन शब्दांत कळते. तोवर युद्ध, भाव, महसूल, कर्ज, साल आणि दोन जिल्हे डोक्यात धरून ठेवावे लागतात. अक्षर अक्षर जुळवत वाचणाऱ्या मुलाच्या हातून शेवटाला येईपर्यंत सुरुवात निसटलेली असते. गंमत अशी की, उठावाची कारणे विद्यार्थ्याने शोधायची, तर ती प्रश्नानेच सांगून टाकली आहेत. म्हणजे हा प्रश्न वाचायला अवघड आणि विचाराला सोपा आहे.

तो सोपा करताना बहुधा “दख्खनचे दंगे कोणत्या वर्षी झाले?” असा बदल केला जातो. वाक्य लहान झाले, पण प्रश्नाचे उद्दिष्ट उपयोजनावरून ज्ञानावर घसरले. “शेतकरी कर्जाला कंटाळून कागद जाळत होते, हे योग्य की अयोग्य?” हा दुसरा नमुनाही तितकाच फसवा आहे, कारण उत्तर प्रश्नातच आहे. यापेक्षा बरी रचना अशी :

“१८७५ साली पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांत शेतकरी सावकारांवर चालून गेले. सुरुवात सुपे या गावातून झाली. बहुतेक ठिकाणी शेतकऱ्यांनी सावकारांकडचे कर्जरोखे मागितले आणि जाळले. माणसांना इजा मात्र क्वचितच केली.
(अ) शेतकऱ्यांनी कर्जरोखेच का जाळले?
(आ) शेतकऱ्यांचा खरा विरोध कोणाला होता : सावकाराला, न्यायालयाला की सरकारला? तुमचे मत लिहा. मताला आधार म्हणून दोन पुरावे द्या.”

येथे माहिती आधी आणि प्रश्न नंतर येतो. एका वाक्यात एकच गोष्ट आहे. ‘त्यांनी’ऐवजी ‘शेतकऱ्यांनी’ हा शब्द पुन्हा वापरला आहे, म्हणजे सर्वनाम कोणाचे हे शोधावे लागत नाही. विचार मात्र हलका झालेला नाही. (अ)चे पूर्ण उत्तर द्यायचे, तर रोखा हा दिवाणी न्यायालयात सावकाराचा पुरावा होता, हे लक्षात यावे लागते. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने रोख्याला तीन वर्षांची मर्यादा घातली, तेव्हा सावकार व्याज मुद्दलात मिळवून नवा रोखा करून घेऊ लागले. हा दुवा जोडणारा विद्यार्थी आणखी पुढे जातो. (आ)ला एकच बरोबर उत्तर नाही. सरकारचे नाव घेणारा वाढलेल्या शेतसाऱ्याचा आधार देईल. न्यायालयाचे नाव घेणारा १८७९ च्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्याकडे बोट दाखवील, कारण त्या कायद्याने न्यायाधीशाला रोख्यामागचा मूळ व्यवहार तपासण्याची मुभा दिली. गुण पुराव्याला आहेत, निवडलेल्या बाजूला नाहीत.

विचाराची पातळी टिकली का, हे पाहण्याची सर्वांत भरवशाची रीत म्हणजे गुणदान योजना. शिक्षकाने मूळ प्रश्नाचे पैकीच्या पैकी गुण मिळवणारे उत्तर लिहावे आणि सोप्या प्रश्नालाही तेच उत्तर लागते का ते पाहावे. उत्तर आखूड झाले किंवा त्यातले ‘कारण’ गळाले, तर प्रश्न नको तिथे सोपा झाला आहे. दुसरी चाचणी वर्गातली. मूळ प्रश्न विद्यार्थ्याला मोठ्याने वाचून दाखवावा. ऐकून तो तोंडी नीट उत्तर देत असेल, तर अडथळा छापील शब्दांचा होता. ऐकूनही अडत असेल, तर शब्द बदलून फारसा उपयोग नाही. तो भाग पुन्हा शिकवावा लागेल.

वाक्ये तोडण्याच्या नादात एक चूक नेहमी होते. ‘म्हणून’, ‘कारण’, ‘तरीही’, ‘मात्र’ हे शब्द काढून टाकले जातात. “कापसाचे भाव पडले. शेतकरी कर्जात बुडाले.” ही वाक्ये आखूड आहेत, पण त्यांचे नाते वाचकाने स्वतः लावायचे आहे, म्हणजे वाचन सोपे होण्याऐवजी अवघड झाले. “कापसाचे भाव पडले, म्हणून शेतकरी कर्जात बुडाले.” हे वाक्य लांब असूनही सुगम आहे. अर्थात कार्यकारणसंबंध हाच प्रश्नाचा विषय असेल, तर ‘म्हणून’ लिहिणे म्हणजे उत्तर देणे. तसेच ‘बहुतेक’, ‘क्वचित’ हे शब्दही कापू नयेत. वरच्या उताऱ्यातून ‘बहुतेक ठिकाणी’ काढले, तर सगळीकडे सारखेच घडले असा चुकीचा इतिहास मुलाच्या हाती पडतो. ‘खालीलपैकी कोणते विधान चुकीचे नाही?’ यातला दुहेरी नकार मात्र बिनधास्त काढावा. त्यातून इतिहासाचे काहीच तपासले जात नाही.

प्रश्नाचे किती तुकडे करावेत याबद्दल शिक्षकांत मतभेद आहेत. दोन उपप्रश्न दिशा देतात. त्याच मुद्द्याचे सहा उपप्रश्न केले, तर मांडणीचा क्रम लावण्याचे काम प्रश्नकर्त्यानेच उरकलेले असते आणि विद्यार्थी फक्त रकाने भरतो. कठीण शब्दाचा अर्थ समासात देणे चांगले (‘कर्जरोखा : कर्ज घेतल्याचा लेखी कागद’), पण त्याच शब्दाचे ज्ञान तपासायचे असेल तेव्हा नाही.

मूळ साधने सोपी करण्याबाबत सॅम वाइनबर्ग आणि डेझी मार्टिन या अमेरिकी अभ्यासकांनी २००९ मध्ये तीन पायऱ्या मांडल्या : उताऱ्याचा नेमका भाग निवडणे, त्याची भाषा सोपी करणे आणि मोठ्या अक्षरांत, भरपूर मोकळी जागा सोडून तो छापणे. ही रीत माहितीपर साधनांना चालते. लेखकाचा सूर हाच पुरावा असेल तिथे ती तोकडी पडते. महात्मा फुले यांच्या ‘शेतकऱ्याचा असूड’मधील लांबलचक, तापलेली वाक्ये सरळ केली, तर आशय उरतो, पण “लेखकाचा राग कशावरून दिसतो?” हा प्रश्न विचारता येत नाही. अशा वेळी उतारा जसाच्या तसा ठेवून दोन-तीन ओळींपुरता आखूड करतात, तो वाचून दाखवतात आणि सुगमता फक्त प्रश्नाच्या वाक्यात आणतात.