पाणी कधी ओतले, यावर भाताचे आंबणे ठरते

ओडिशातील पखाळ, बंगालमधील पांता भात आणि तमिळनाडूतील पळय सादम यांची मूळ कृती एकच आहे: उरलेला भात रात्री पाण्यात भिजवायचा आणि सकाळी तो आंबूस पाण्यासकट खायचा. रात्रभरात लॅक्टिक आम्ल तयार करणारे जिवाणू भाताच्या पिठुळ पाण्यावर वाढतात. ताज्या भाताचा सामू 6 च्या वर असतो. नीट आंबलेल्या भातात तो 4.5 च्या आसपास किंवा त्याखाली येतो, आणि एवढ्या आंबटपणात बहुतेक घातक जिवाणूंना वाढणे कठीण जाते.

परंतु हा आंबटपणा यायला कित्येक तास लागतात. खरा धोका त्याआधीच्या वेळात असतो. तांदळावर बॅसिलस सीरियस या जिवाणूचे बीजाणू बहुधा असतातच. भात शिजताना ते मरत नाहीत, उलट भात कोमट होऊ लागला की रुजतात. याच्या काही जाती सेरेयुलाइड नावाचे विष तयार करतात, आणि ते खाल्ल्यावर अर्ध्या ते सहा तासांत मळमळ व उलट्या सुरू होतात. हे विष एकदा भातात उतरले की पुन्हा उकळल्याने, फोडणीने किंवा प्रेशर कुकरच्या वाफेनेही जात नाही. नंतर आलेले आम्लही ते नष्ट करत नाही.

एक उदाहरण घेऊ. दुपारी एक वाजता झालेला भात झाकण लावून कुकरमध्येच राहिला आणि रात्री दहाला त्यात पाणी घातले. मधले नऊ तास गोळ्याच्या आतला भाग कोमटच असतो. सकाळी या भाताला उत्तम आंबूस वास येईल, तरीही तो टाकूनच द्यावा.

हाच भात रात्री साडेआठला शिजला, जेवणानंतर लगेच परातीत पातळ पसरला आणि दहाच्या आत, हाताला जेमतेम कोमट लागत असताना, स्वच्छ भांड्यात घालून उकळून गार केलेल्या पाण्यात दोन बोटे बुडवला, तर गोष्ट वेगळी होते. पाण्यामुळे गोळे सुटतात, भात झटकन निवतो आणि शितांना हवा कमी मिळते. लॅक्टिक जिवाणूंना हवेवाचून अडत नाही. आदल्या दिवशीच्या चांगल्या आंबलेल्या पाण्याचे दोन चमचे विरजणासारखे घातले, तर आंबटपणा लवकर येतो. मला हा या कृतीतील सर्वांत शहाणपणाचा भाग वाटतो. उन्हाळ्यात आठ ते दहा तास पुरतात. त्यानंतर हा भात लगेच खावा, किंवा फ्रिजमध्ये ठेवून त्याच दिवशी संपवावा.

चांगल्या भाताचे पाणी पांढुरके असते, वास ताकासारखा येतो आणि शीत बोटांनी दाबले की सहज मोडते. शितांना तार सुटली, पाणी बुळबुळीत झाले, गुलाबी किंवा काळे ठिपके दिसले अथवा कुबट वास आला, तर चव पाहण्याच्याही फंदात पडू नये. सेरेयुलाइडला मात्र ना वास असतो ना चव. म्हणून नाक आणि जीभ यांच्याआधी घड्याळ विचारावे, आणि भात किती वाजता शिजला हे घरात कोणालाच आठवत नसेल, तर तो भिजवूच नये.