सौर पंप की डिझेल पंप: २० वर्षांचा हिशेब लिटरमध्ये

डिझेल पंप घेताना स्वस्त पडतो आणि चालवताना महाग. सौर पंपाचं नेमकं उलट. म्हणून नुसत्या किमती शेजारी ठेवल्या की उत्तर चुकतं. पुढच्या सगळ्या वर्षांचा खर्च आजच्या मोलात आणायला हवा, म्हणजेच निव्वळ वर्तमान मूल्य, एनपीव्ही. पैशांचे आकडे जागेनुसार बदलतात, म्हणून इथे सगळं डिझेलच्या लिटरमध्ये मोजू.

५ एचपीचं इंजिन पूर्ण भारावर तासाला साधारण १ लिटर डिझेल पितं. आपलं इंजिन किती पितं ते बघणं सोपं आहे: टाकी काठोकाठ भरा, तासभर पंप चालवा आणि मापाने पुन्हा काठापर्यंत भरा. दीड लिटर लागलं तर आधी नोझल, एअर फिल्टर आणि पट्ट्याचा ताण तपासा.

आता एक उदाहरण. डिझेल पंप ४०० लिटरच्या किमतीचा धरू, दहाव्या वर्षी तो बदलायचा. सौर संच ४,००० लिटरचा. त्याची वर्षाची देखभाल ४० लिटर आणि दहाव्या वर्षी पंप व कंट्रोलर बदलायला ८००. वटाव दर, म्हणजे पुढचा खर्च आजच्या मोलात आणताना दरवर्षी धरायची घट, महागाई वजा जाता ८ टक्के आणि मुदत २० वर्षं. या दराने दरवर्षीच्या १ लिटरचं आजचं मोल ९.८ लिटर होतं, तर दहाव्या वर्षीच्या १ लिटरचं ०.४६.

वर्षाला ६०० तास सिंचन असेल तर ६०० लिटर इंधन लागेल आणि ऑइल, फिल्टर, दुरुस्तीचे १०० धरू. डिझेलचा एकूण बोजा सुमारे ७,४५० लिटर येतो, सौरचा ४,७५०. अनुदानाचा एक पैसाही न घेता सौर २,७०० लिटरने पुढे आहे.

तास २०० वर आणले की चित्र पालटतं. देखभाल ५० लिटरवर आली असं धरलं तर डिझेलचा बोजा जेमतेम ३,०५० राहतो; सौरचा मात्र ४,७५० वरून हलत नाही, कारण पॅनेल वापरलं काय नि पडून राहिलं काय, पैसे आधीच गेलेले असतात. बरोबरी साधारण ३५५ तासांना होते. माझ्या मते पंप निवडताना हाच आकडा सगळ्यात आधी काढावा, आणि तो मागच्या हंगामातल्या डिझेलच्या पावत्यांवरून काढावा, अंदाजाने नाही.

अनुदानाचं खरं काम या कमी तासांच्या शेतावर दिसतं. ६० टक्के, म्हणजे २,४०० लिटर मिळाले तर २०० तासांनाही सौर सुमारे ७०० ने पुढे जातो. पण संपूर्ण किंमत आधी भरून अनुदान दोन वर्षांनी हातात आलं, तर त्याचं आजचं मोल २,०५० च उरतं आणि ती आघाडी निम्मी होते.

हे सगळं दोन्ही पंप सारखंच पाणी देतात हे धरून आहे. सौर पंप सकाळी-संध्याकाळी आणि ढगाळ दिवशी कमी उपसतो. पिकाला रात्री पाणी द्यायचं असेल तर साठवण टाकीचा खर्च सौरच्या बाजूला मांडा आणि बेरीज पुन्हा करा.