‘क्लास 1’ म्हणजे नेमका किती दाब? कॉम्प्रेशन सॉक्समागची गोष्ट

कॉम्प्रेशन सॉक्सच्या पाकिटावर दोन गोष्टी ठळक छापलेल्या असतात: एक ‘क्लास’ आणि एक साइझ. घेणारा माणूस बहुधा एवढंच बघतो. या दोन्हींचा अर्थ कंपनीप्रमाणे आणि देशाप्रमाणे बदलतो, आणि त्यामागे गेल्या पाऊणशे वर्षांचा बराचसा गोंधळ आहे.

पाय घट्ट बांधण्याचा उपाय पुरातन आहे आणि रबरी धाग्याचे पायमोजे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर आले, पण ते पायाला सगळीकडे सारखेच आवळत. आजचा मोजा घोट्याशी सर्वांत घट्ट आणि वर जाताना सैल होत जातो. ही कल्पना 1950 च्या दशकात एका अभियंत्याने प्रत्यक्षात आणली. त्याला स्वतःला शिरांचा त्रास होता. तरणतलावात उभं राहिलं की पाय हलके होतात, हे त्याच्या लक्षात आलं. यामागचा हिशेब सोपा आहे. माणूस उभा असताना हृदयापासून घोट्यापर्यंतच्या रक्ताच्या उभ्या स्तंभामुळे घोट्याच्या शिरेत पाऱ्याच्या 80 ते 90 मिलिमीटर इतका दाब असतो. छातीपर्यंतच्या पाण्यात बाहेरूनही जवळपास तेवढाच दाब मिळतो, कारण पाण्याचा दाब दर 10 सेंटिमीटर खोलीला साधारण 7 मिलिमीटरने वाढतो. पाणी जितकं खोल तितका दाब जास्त, म्हणून मोजाही खाली घट्ट.

इथेच एक मर्यादा लक्षात घ्यायला हवी. बाजारातला प्रवासासाठीचा मोजा घोट्यावर 15 ते 20 मिलिमीटर दाब देतो. उभ्या माणसाच्या शिरेतल्या 80-90 पुढे तो शीर दाबून अरुंद करू शकत नाही. तो केशवाहिन्यांतून ऊतींमध्ये झिरपणारं पाणी कमी करतो, म्हणजे सूज रोखतो. आडवं झालं की शिरेतला दाब खूप उतरतो आणि मग तेवढाच मोजा शिरेलाही आवळतो. रुग्णालयातले पांढरे लांब मोजे याच स्थितीसाठी आहेत. 1975 च्या एका अभ्यासात पलंगावरच्या रुग्णांसाठी घोट्यावर 18, पोटरीवर 14 आणि गुडघ्यामागे 8 मिलिमीटर असा उतार योग्य ठरला आणि तोच नमुना रूढ झाला. शस्त्रक्रियेनंतर घरी आलेला हा मोजा पुढे बसच्या प्रवासात किंवा दुकानात दिवसभर उभं राहताना घालणारे बरेच जण असतात. तो या कामासाठी घडवलेलाच नाही.

बसून राहण्याचा आणि पायाच्या शिरेत होणाऱ्या रक्ताच्या गुठळीचा संबंध विमानप्रवासाच्या चर्चेहून जुना आहे. 1940 मध्ये लंडनच्या हवाई हल्ल्यांतल्या आश्रयस्थानांत आरामखुर्चीवर रात्र काढणाऱ्यांत फुप्फुसात गुठळी अडकून होणारे मृत्यू अनेक पटींनी वाढल्याची नोंद झाली. खुर्चीची पुढची कड मांडीखाली रुतत होती. 1954 मध्ये एका डॉक्टरने लांब बसण्यामुळे झालेल्या गुठळ्यांची उदाहरणं मांडली, तेव्हा त्यांत विमानाबरोबर मोटारही होती आणि नाट्यगृहही. तरी 1977 मध्ये जे नाव आलं ते ‘इकॉनॉमी क्लास सिंड्रोम’. त्या नावाने बसचा प्रवासी चर्चेतून बाहेर पडला. वस्तुतः पुढच्या मोठ्या संशोधनात चार तासांहून लांब प्रवासात धोका साधारण दुप्पट होतो असं दिसलं, आणि ते विमान, रेल्वे, बस, मोटार सगळ्यांना लागू होतं. मूळ धोका लहान आहे हेही तितकंच खरं. चार तासांवरच्या विमानप्रवासात लक्षणं देणारी गुठळी साधारण सहा हजारांत एकाला होते.

2001 मध्ये एक चाचणी प्रसिद्ध झाली आणि तिने सॉक्सचा बाजार बदलला. पन्नाशीच्या पुढच्या प्रवाशांपैकी मोजे न घातलेल्या सुमारे दहा टक्के लोकांच्या पोटरीत गुठळी आढळली, मोजे घातलेल्यांत एकही नाही. त्यानंतरच्या चाचण्याही साधारण त्याच दिशेने गेल्या. मात्र या गुठळ्या तपासणीच्या यंत्रावर दिसलेल्या होत्या. प्रवाशाला काही जाणवलं नव्हतं, आणि अशा बहुतेक गुठळ्या आपोआप विरघळतात. 2001 च्या त्याच चाचणीत आधीपासून व्हेरिकोज व्हेन्स असलेल्या चौघांना मोजे घातल्यावर वरवरच्या शिरेची दाहक गुठळी झाली, हे जाहिरातींत कधी आलं नाही. 2012 च्या एका प्रमुख मार्गदर्शिकेने म्हणूनच हात आखडता घेतला: आधी गुठळी झालेली, नुकतीच शस्त्रक्रिया, कर्करोग, गर्भावस्था, इस्ट्रोजेनच्या गोळ्या अशा वाढीव धोक्याच्या प्रवाशांसाठी गुडघ्याखालचे, मापाचे, घोट्यावर 15 ते 30 मिलिमीटरचे मोजे. इतर सर्वांसाठी शिफारस नाही. पायाची सूज आणि जडपणा कमी व्हावा म्हणून मोजे घालणं हा वेगळा प्रश्न आहे, आणि तिथे मोजे खरोखर उपयोगी पडतात.

आता त्या ‘क्लास’कडे. दाबाचे वर्ग ठरवताना ब्रिटन, फ्रान्स आणि जर्मनी यांनी आपापली माप घेण्याची यंत्रं आणि आपापले आकडे घेतले. ब्रिटिश पद्धतीत क्लास 1 म्हणजे 14 ते 17, क्लास 2 म्हणजे 18 ते 24 मिलिमीटर. फ्रेंच पद्धतीत क्लास 1 म्हणजे 10 ते 15, क्लास 2 म्हणजे 15 ते 20. जर्मन पद्धतीत क्लास 1 च 18 ते 21 पासून सुरू होतो आणि क्लास 2 थेट 23 ते 32 वर जातो. म्हणजे फ्रेंच क्लास 2 हा जर्मन क्लास 1 पेक्षा सैल असू शकतो. ‘क्लास 2 घ्या’ असा तोंडी सल्ला मिळालेल्या माणसाच्या हातात 16 चा मोजा पडतो की 30 चा, हे पाकीट कुठल्या पद्धतीचं आहे त्यावर ठरतं. 2001 मध्ये सगळ्या युरोपासाठी एक मसुदा आला, पण त्याचं पक्कं मानक झालं नाही. ते व्हायला हवं होतं, असं आमचं स्पष्ट मत आहे. अमेरिकेने क्लास न लिहिता 15-20, 20-30, 30-40 असे थेट आकडे छापायची रीत ठेवली आणि ग्राहकाच्या दृष्टीने तीच बरी.

म्हणून पाकिटावर घोट्यावरचा दाब मिलिमीटरमध्ये, म्हणजे ‘एमएमएचजी’ असा, शोधावा. एकच आकडा नाही तर पट्टा हवा. नुसतं ‘मध्यम’ किंवा ‘फर्म’ लिहिलेलं असेल तर त्यातून काहीच कळत नाही. आकड्यापुढे ‘हेक्टोपास्कल’ असेल तर त्याला 1.33 ने भागावं. 20 हेक्टोपास्कल म्हणजे 15 मिलिमीटर. ‘डेनियर’ हा धाग्याच्या जाडीचा आकडा आहे, दाबाचा नाही. 140 डेनियरचा जाड मोजाही अगदी सैल असू शकतो.

उभ्या कामासाठी किती दाब पुरतो, याचं उत्तर त्यामानाने साफ आहे. 2004 च्या एका अभ्यासात दिवसभर उभं किंवा बसून काम करणाऱ्यांची संध्याकाळची सूज 11 ते 21 मिलिमीटरच्या गुडघ्याखालच्या मोज्यांनी कमी झाली किंवा टळली. निरोगी पायाला यापुढे जायचं कारण नाही. 20-30 चा मोजा चढवायला जड, उन्हाळ्यात असह्य, आणि आठवड्याभरात कपाटात जातो.

आकडा बरोबर असला तरी मापाने तो बिघडतो. माप सकाळी उठल्यावर, सूज नसताना घ्यायचं: घोट्याच्या हाडाच्या वर जिथे पाय सर्वांत बारीक तिथला घेर, पोटरीचा सर्वांत जाड घेर, आणि जमिनीपासून गुडघ्याच्या मागच्या घडीच्या दोन बोटं खालपर्यंतची उंची. बुटाच्या नंबरावरून साइझ देणारे मोजे दाबाचा भरवसा देऊ शकत नाहीत, कारण पाऊल आणि पोटरी यांचा एकमेकांशी ठरलेला संबंध नसतो.

समजा, गल्ल्यावर उभं राहणाऱ्या एका व्यक्तीचा घोटा 22.5, पोटरी 40.5 आणि उंची 37 सेंटिमीटर आहे. कंपनीच्या तक्त्यात मध्यम साइझचा घोटा 21 ते 24 आणि पोटरी 33 ते 38, मोठ्या साइझचा घोटा 24 ते 27 आणि पोटरी 37 ते 43. घोटा बघून मध्यम घेतला तर कापड पोटरीवर जास्त ताणलं जाईल आणि वरची कड रुतेल. पोटरी बघून मोठा घेतला तर घोट्यावर तो ढिला पडेल, म्हणजे जिथे सर्वांत जास्त दाब हवा तिथेच कमी. इथे मध्यम साइझचा ‘रुंद पोटरी’ प्रकार शोधायचा, आणि तो नसेल तर मापावर बनवून घ्यायचा.

तिसरी अडचण उंचीची. मोजा 41 सेंटिमीटरचा निघाला की वरचे चार सेंटिमीटर दुमडले जातात. दुमडलं म्हणजे तिथे कापडाचे दोन थर, आणि दाब जवळजवळ दुप्पट. वरच्या कडेला 12 मिलिमीटर असतील तर 24 झाले, घोट्यावर मात्र 18. उतार उलटा झाला; रक्त वर जाण्याच्या वाटेवरच बंद बांधल्यासारखं. मोजा कधीही दुमडू नये. जास्त झालेलं कापड खाली ढकलून पोटरीवर सारखं पसरवावं, आणि तरी उरलं तर तो साइझ चुकलेला आहे. टाच टाचेवर बसली नसेल तर घोट्याजवळ चुण्या पडतात आणि तिथेही हेच होतं.

घालताना टाचेपर्यंत आत हात घालून टाच पकडावी, मोजा टाचेपर्यंत आतून उलटा करावा, पाऊल आत घ्यावं, टाच नीट बसवावी आणि मग वर सरकवावा. काठ धरून ओढलं तर सगळा ताण वर जमा होतो. अंथरुणातून उठण्याआधी किंवा विमानात बसायच्या आधी घालणं चांगलं, कारण सुजलेल्या पायावर चढवलेला मोजा सूज रोखत नाही, नुसता रुततो. रोज धुवावा: धुतल्याने लवचिक धागा पुन्हा मूळ लांबीवर येतो. सॉफ्टनर आणि कडक उष्णता टाळावी. रोजच्या वापरात साधारण सहा महिन्यांत दाब उतरतो. मोजा कष्टाविना सहज वर जाऊ लागला, की तो संपला.

काही पायांवर हा मोजा घालूच नये. धमन्यांचा रक्तपुरवठा कमी असेल तर बाहेरचा दाब तो आणखी कमी करतो. चालताना पोटरीत दुखून थांबावं लागणं, पावलं थंड असणं, बोटांवर न भरणारी जखम या खुणा असतील तर आधी घोट्याचा आणि दंडाचा रक्तदाब मोजून त्यांचं गुणोत्तर काढतात. ते 0.6 च्या खाली असेल तर मोजा नाही. मधुमेहात पायाची संवेदना गेली असेल तर मोजा रुततोय हे कळतच नाही, म्हणून तिथे डॉक्टरांना विचारून, आणि घातलाच तर रोज पाय तपासून. गंभीर हृदयविकार, पाझरणारी किंवा पातळ झालेली त्वचा यांतही तेच.

बोटं निळसर किंवा पांढरी पडली, मुंग्या आल्या, पावलावर सूज येऊन वरचा भाग मात्र बारीक राहिला, तर मोजा लगेच काढायचा. आणि प्रवासानंतर एकाच पोटरीत दुखणं, उष्णता आणि सूज आली, किंवा अचानक धाप लागली, तर मोजा घातला होता की नाही हा मुद्दा उरत नाही. त्याच दिवशी रुग्णालय गाठायचं.