रेकॉर्डिंगची सूचना आणि रेकॉर्डिंगची संमती

घरोघरी जाऊन आरोग्याचं काम करणाऱ्या आशा सेविकांच्या मोबदल्यावर मी मुलाखती घेत होते. त्यातली एक झूमवर झाली. ताई स्वयंपाकघरात, फोन डब्याला टेकवून ठेवलेला, शेजारी त्यांचा दहावीतला मुलगा. मी रेकॉर्डचं बटण दाबलं, त्यांच्या पडद्यावर चौकट आली आणि मुलानं ती चटकन बाजूला सारली. बाराव्या मिनिटाला ताई मोबदला कुठे अडतो ते सांगायला लागल्या, त्यांच्या कामावर देखरेख ठेवणाऱ्या गटप्रवर्तकांचा विषय निघाला आणि त्या मध्येच थांबल्या. "मॅडम, हे रेकॉर्ड होतंय का?"

म्हणजे बारा मिनिटं मी ज्याला संमती समजत होते, ती नुसती सूचना होती. तीही मुलाला मिळालेली.

झूमवर रेकॉर्डिंग सुरू झालं की "This meeting is being recorded" अशी चौकट येते. खाली दोन बटणं असतात: "Got it" आणि "Leave Meeting". म्हणजे एक तर ऐकून घ्या, नाही तर उठून जा. "मी बोलते, पण रेकॉर्ड करू नका" असं म्हणायला तिथे बटणच नाही. आणि मुलाखत देणाऱ्याला नेमका तोच पर्याय मिळायला हवा. बोलायला तयार असणं आणि आवाज साठवू देणं या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. दुसरीला नकार दिला म्हणून पहिली मोडत नाही. आपण वही उघडायची आणि लिहून घ्यायचं.

सूचना सॉफ्टवेअर देतं. ती कंपनीची सोय आहे, आणि ती प्रत्येक ठिकाणी मिळतेच असंही नाही. व्हॉट्सॲपच्या व्हिडिओ कॉलवर कोणी स्वतःच्या फोनचं स्क्रीन रेकॉर्डिंग लावलं, तर समोरच्याला पत्ताही लागत नाही. संमती मात्र माणसाकडून यावी लागते, आणि तीही कशाला ते कळल्यावर: काय साठवणार, कुठे, किती दिवस, कोण ऐकणार, नंतर मागे घेता येईल का. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यातली संमतीची व्याख्याही स्पष्ट होकारार्थी कृती मागते. संशोधनाला त्या कायद्यात काही अटींवर सूट आहे, पण एथिक्स कमिटीपुढे ती सूट दाखवून सुटका होत नाही.

फोनवरचा होकार ओळखणं हे खरं अवघड काम. आपल्याकडे "हं" म्हणजे होकार नसतो, "ऐकतेय" एवढाच त्याचा अर्थ. "विचारा की" हा बोलण्याला होकार झाला, रेकॉर्डिंगला नव्हे. "तुम्ही म्हणाल तसं" हा तर भिडेखातर आलेला शब्द. समोरासमोर बसलो की चेहऱ्यावरून अंदाज येतो. कॉलवर चेहरा गोठलेला असतो आणि आवाज दोन सेकंद मागे. मी "रेकॉर्ड करू का?" विचारते तेव्हा ऐकू येणारं "हो" कधीकधी आधीच्या "माझा आवाज येतोय ना?" ला दिलेलं असतं. हे मी मुलाखती लिहून काढताना पुन्हा ऐकून शिकले.

म्हणून आता मी हो-नाहीचा प्रश्न शेवटी ठेवते. आधी माझं सांगून होतं, मग म्हणते, "ताई, नेटवर्क खालीवर होतंय, मी नीट सांगितलं का ते बघायचंय. हे रेकॉर्डिंग कोण कोण ऐकणार, तुम्हीच सांगा बरं." उत्तरात "साहेबांना पाठवणार" आलं, तर पुन्हा पहिल्यापासून. शेजारी कोणी असेल तर तेही विचारते. मुलानं दिलेला होकार त्याच्या आईचा धरता येत नाही, मग तो कितीही हुशार असो.

क्रमही बदलला. पहिली पाच-सात मिनिटं रेकॉर्डिंग बंदच. पाऊस, लसीकरणाचा दिवस, मुलाची परीक्षा असं काहीबाही बोलणं होतं. आवाज नीट येतोय का, फोन चार्जिंगला आहे का, हेही त्यातच बघून होतं. मग संमतीची माहिती. मग आधीच सांगून ठेवते की आता एक इंग्रजी चौकट येईल, एक बाई इंग्रजीत "Recording in progress" म्हणेल, घाबरू नका. हे सांगितलं नाही, तर जुळून आलेल्या गप्पा त्या एका वाक्याने ताठरतात, आणि पुढची दहा मिनिटं ताई सरकारी भाषेत बोलतात.

रेकॉर्डिंग सुरू झाल्यावर संमतीचे प्रश्न एकेक करून पुन्हा विचारते, म्हणजे होकार त्यांच्याच आवाजात राहतो. इथे एक बारीक गोष्ट आहे. त्यानंतर झूममध्ये "Pause" दाबलं तर पुढचं त्याच फाइलीत जोडलं जातं; "Stop" दाबून पुन्हा सुरू केलं तर नवी फाइल होते. मी "Stop" दाबते. नाव-गाव असलेली संमतीची फाइल वेगळी, आणि मुलाखत वेगळी. एकाच फाइलीत दोन्ही असतील, तर मुलाखत ऐकून लिहून काढणाऱ्याला नावासकट सगळं ऐकू जातं. चेहऱ्याखाली दिसणारं नावही मुलाखतीआधी बदलून "ताई ७" असं काहीतरी करून घ्यावं, कारण ते व्हिडिओत उमटू शकतं.

लॅपटॉपवर रेकॉर्ड केलं की झूम व्हिडिओची `.mp4` आणि नुसत्या आवाजाची `.m4a` अशा दोन फाइली करून देतं. मला आवाजच पुरतो. पण व्हिडिओ काही तासांपुरता का होईना माझ्याकडे येतो, हे सांगायलाच हवं. "फक्त आवाज घेते" हे अर्धसत्य होईल. फाइली तयार होतात मीटिंग संपल्यावर. तोपर्यंत लॅपटॉप बंद करायचा नाही, नाही तर `double_click_to_convert` नावाची अर्धवट फाइल हाती येते.

सूचना आणि संमती यांतला फरक सगळ्यात जास्त जाणवतो तो कॉल तुटल्यावर. रेंज गेली, ताई पुन्हा आल्या, झूमनं पुन्हा चौकट दाखवली. त्याच्या लेखी काम झालं. पण आता त्या ओसरीवर आहेत आणि मागे सासूबाई शेंगा फोडत बसल्यात. मघाचा होकार बंद दाराआडचा होता. अशा वेळी मी रेकॉर्डिंग थांबवते, "आता बोलता येईल का, की संध्याकाळी लावू?" एवढं विचारते आणि नंतरच पुढे जाते. मोफत खात्यावर मीटिंग चाळीस मिनिटांनी तुटते, तेव्हाही हेच करावं लागतं.

आणि शेवट. "Stop" दाबल्यावर सुटकेचा श्वास सोडून लोक खरी गोष्ट सांगतात. दारात उभं राहून होणाऱ्या गप्पांसारखं. रेकॉर्डिंगची संमती या बोलण्याला लागू नसते. वापरायचं असेल तर तिथल्या तिथे विचारावं: "हे आत्ता बोललात, ते लिहून घेऊ का?"

त्या ताईंना मी बाराव्या मिनिटाला खरं ते सांगितलं, रेकॉर्डिंग बंद केलं आणि ती फाइल काढून टाकायची का, हे त्यांच्यावर सोडलं. त्यांनी मुलाला दुकानात पिटाळलं. थोडा विचार केला. मग म्हणाल्या, "राहू दे आवाज. गटप्रवर्तकांचं तेवढं वहीत लिहा. आणि मॅडम, तोंड नको." मी त्यांना कॅमेरा बंद करायला सांगितला, वही उघडली, आणि पुढचं अर्ध्या तासाचं बोलणं काळ्या पडद्याशी झालं.